टेबलं सर्वांत शेवटी मांडायची

बाणेर किंवा खराडीत ऑफिससाठी जागा बघायला गेलं की दलाल पहिला आकडा सांगतो तो सात हजार चौरस फुटांचा. भाडं त्याच आकड्यावर लागतं. प्रत्यक्ष पायाखाली येणारी जागा, म्हणजे कार्पेट, पाच हजारांच्या आसपास भरते; बाकीची लिफ्ट, जिना, लॉबी आणि सामाईक स्वच्छतागृहांच्या खात्यात गेलेली असते. मग मालक मनातल्या मनात भागाकार करतो. चार बाय दोनचं टेबल, मागे खुर्ची, शेजारून जायला थोडी जागा, असे माणशी चाळीस फूट धरले तर पाच हजारांत सव्वाशे माणसं बसली. भागाकार बरोबर असतो. त्यावर उभं राहिलेलं ऑफिस मात्र वर्षभरात कुरकुरायला लागतं: लोक कानाला हेडफोन लावून बसतात, फोन आला की जिन्यात जातात, दहा जणांच्या मीटिंग रूममध्ये एकटाच कोणी लॅपटॉप उघडून बसलेला दिसतो.

ही तीन चिन्हं दिसली की समजावं, आराखडा टेबलांपासून सुरू झाला होता. ओपन ऑफिसमध्ये टेबलं मांडणं हे सगळ्यांत सोपं काम आहे आणि ते सगळ्यांत शेवटी करायचं असतं. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: फोनवर कोण बोलतं, लोक दिवसभर कुठून कुठे चालतात, आणि बंद खोल्या किती व कुठे.

उदाहरण म्हणून एक कंपनी कल्पू. छोट्या कारखान्यांसाठी साठ्याचा आणि बिलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. आज ४२ माणसं. सोळा जण विक्री आणि ग्राहकसेवेत, म्हणजे दिवसभर फोनवर. चोवीस जण प्रोग्रॅमिंग आणि टेस्टिंगमध्ये. दोघं हिशेब आणि एचआर सांभाळतात. तीन वर्षांत सत्तर माणसं होतील असा अंदाज आहे. मजल्याचा आकार सरळ आयताकृती: पूर्व-पश्चिम शंभर फूट, उत्तर-दक्षिण पन्नास. उत्तरेला पूर्ण लांबीभर खिडक्या, पश्चिमेलाही काच. दक्षिणेची भिंत आंधळी, कारण तिच्यामागे लिफ्ट, मुख्य जिना आणि स्वच्छतागृहं. मुख्य दार त्या दक्षिण भिंतीच्या मधोमध, आणि तिच्याच पूर्व टोकाला आगीच्या वेळचा दुसरा जिना.

आता सव्वाशेचं स्वप्न सोडून खरा हिशेब मांडू. सत्तर माणसांना सत्तर टेबलं लागत नाहीत, कारण विक्रीतले निम्मेअधिक लोक रोज कारखान्यांच्या फेऱ्यांवर असतात. खुल्या जागेत साठ टेबलं धरू: चोवीस फोनवाल्यांची, छत्तीस प्रोग्रॅमरांची. चाळीस फुटांप्रमाणे २,४०० चौरस फूट झाले. दहा जणांची एक मीटिंग रूम २००, चार-चार जणांच्या दोन छोट्या खोल्या मिळून १६०, एकेकट्याने फोनवर बोलायचे चार बूथ मिळून ८०, सहा जणांना मुकाट्याने काम करायची शांत खोली १७०, हिशेब-एचआरची केबिन १००, रिसेप्शन १५०, पँट्री ३००, सर्व्हर-यूपीएस ८० आणि सामानाची खोली ४०. एकूण ३,६८०. उरलेल्या १,३२० फुटांत चालायच्या वाटा, भिंतींची जाडी आणि कॉलम. म्हणजे जागेचा चौथ्या भागाहून थोडा जास्त हिस्सा वाटा-भिंतींत गेला. अनेक मालकांना हा आकडा उधळपट्टी वाटतो. पण यात काटछाट केली की पहिल्यांदा खुर्च्यांच्या पाठी एकमेकांना लागतात आणि मग लोक एकमेकांवर वैतागतात.

यादीतली चार जणांची खोली आणि एकट्याचा बूथ या दोन आकड्यांवर सगळ्यांत जास्त वाद होतो. मालकाच्या मनात असते ती भलं मोठं टेबल आणि भिंतीवर स्क्रीन असलेली बोर्डरूम. ग्राहक आल्यावर छाप पडायला हवी. ती एक असू द्यावी. पण मीटिंग रूमचं बुकिंग आठवडाभर नुसतं बघितलं, आणि बुकिंगवर न थांबता दर तासाला दारातून डोकावून आत किती माणसं बसली आहेत ते टिपून ठेवलं, तर चित्र वेगळं दिसतं. बहुतेक बैठका दोघा-तिघांच्या असतात. आणि व्हिडिओ कॉल आल्यापासून एक नवी जात निर्माण झाली आहे: पलीकडे आठ जण, इकडे एकच माणूस. त्याला आपल्या टेबलावर बसून तासभर बोलायचा संकोच वाटतो, म्हणून तो मोठी खोली अडवतो. बूथ त्याच्यासाठी असतात. आपल्या साठ टेबलांच्या जागेत गर्दीच्या वेळी पाचातला एक माणूस बैठकीत धरला तर बारा जण झाले; तिघांची एक बैठक धरली तर एकाच वेळी चार बैठका. मोठी खोली एक, छोट्या दोन, आणि चौथी बैठक पँट्रीच्या टेबलाशी. हे जेमतेम आहे, मुबलक नाही. म्हणूनच बूथ गाळून चालत नाही.

आता मांडणी. मजल्याचे लांबीच्या दिशेने तीन पट्टे करू. दक्षिणेच्या आंधळ्या भिंतीला लागून चौदा फुटांचा पट्टा, त्याच्या पुढे पाच फुटांची मुख्य वाट, आणि तिथून उत्तरेच्या खिडक्यांपर्यंत एकतीस फूट. खिडकीचा उजेड टेबलांना द्यायचा आणि खोल्या मागे ढकलायच्या, हे यामागचं साधं तत्त्व. जुन्या ऑफिसात साहेबांची केबिन खिडकीशी आणि कारकून ट्यूबलाइटखाली असायचे. ते इथे उलटं केलं आहे. तास-दीड तास बैठकीत बसणाऱ्याला काचेच्या पुढच्या भिंतीतून येणारा उजेड पुरतो. आठ तास बसणाऱ्याला खिडकी हवी. टेबलांच्या रांगा खिडकीला काटकोनात लावायच्या, म्हणजे उजेड बाजूने येतो, स्क्रीनवर चमक येत नाही आणि डोळ्यांवरही येत नाही.

दक्षिण पट्ट्यात कोण कुठे, हे नळाने ठरतं. पँट्रीचं सांडपाणी लांबवर न्यायचं तर खालून उतार द्यावा लागतो, फरशी उचलावी लागते. म्हणून पँट्री स्वच्छतागृहांच्या भिंतीला चिकटून, दाराच्या पश्चिमेला. दारासमोर रिसेप्शन आणि त्याला लागून मोठी मीटिंग रूम, म्हणजे पाहुण्याला ऑफिसभर मिरवत न्यावं लागत नाही. केबिन आणि सर्व्हर त्याच्या पुढे. शांत खोली पार पूर्वेच्या टोकाला.

आता दिवसभराची पावलं डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांत जास्त ये-जा कुठे होते? पँट्री, स्वच्छतागृह आणि बाहेरचं दार. तिन्ही मधोमध आणि पश्चिमेकडे आहेत. म्हणून फोनवाली मंडळी पश्चिम बाजूला आणि प्रोग्रॅमर पूर्वेला. पूर्वेच्या टोकाला आगीच्या जिन्याशिवाय काहीच नसल्यामुळे त्या दिशेने काम नसलेलं कोणी जातच नाही. प्रोग्रॅमरच्या पाठीमागून दिवसातून शंभर वेळा कोणी गेलं तर नुसत्या हालचालीनेही त्याची तंद्री मोडते. प्रिंटरसुद्धा पूर्वेकडे ठेवायचा नाही.

दोन्ही गटांच्या मध्ये नुसतं मोकळं अंतर सोडून भागत नाही. खिडकीकडच्या एकतीस फुटांच्या पट्ट्यात आडवी, आठ फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी खोल्यांची रांग उभी करू: दोन छोट्या मीटिंग रूम आणि चार बूथ. दोनशे चाळीस फूट बरोबर भरतात. वाड्यात रस्ता आणि माजघर यांच्यामध्ये ओसरी जे करायची, तेच ही रांग करते. दोन्हीकडच्या लोकांना ती जवळ पडते आणि एकीकडचा आवाज दुसरीकडे सरळ जाऊ देत नाही. मीटिंग रूमची दारं फोनवाल्यांच्या बाजूला उघडायची, कारण बैठक संपल्यावर माणसं दारातच उभी राहून पाच मिनिटं बोलतात. बूथची दोन दारं इकडे, दोन तिकडे.

खुल्या ऑफिसात नुसता आवाज फारसा त्रास देत नाही, त्रास देतं ते बोलणं. एसीची घरघर किंवा रस्त्यावरचा ट्रॅफिक सतत चालू असेल तर मेंदू तो सोडून देतो. पण शेजारी कोणी ‘अहो, चेक बाउन्स झाला तुमचा’ असं म्हटलं की कान आपोआप तिकडे वळतात, कारण शब्द कळतात. त्यामुळेच अगदी शांत ऑफिसात एकाच माणसाचा फोन सगळ्या मजल्याला छळतो आणि थोडी घरघर असलेल्या ऑफिसात तोच फोन विरून जातो. खुल्या ऑफिसांचं ध्वनिमापन कसं करायचं यासाठी आयएसओ ३३८२ या मानकाचा तिसरा भाग आहे. त्यात डेसिबलबरोबरच एक अंतर मोजतात: बोलणाऱ्यापासून किती दूर गेलं की शब्द नीट कळेनासे होतात. हे अंतर सोळा फुटांच्या आत आलं तर ऑफिस चांगलं. तेहतीस फुटांपलीकडे गेलं तर वाईट. आपला खिडकीकडचा पट्टा एकतीस फुटांचा आहे हे आठवा. वाईट ऑफिसात वाटेलगत बसलेल्याचा फोन खिडकीशी बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू येईल.

साधं बोलणं तीन फुटांवर साधारण साठ डेसिबल असतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात: सहा फुटांवर चौपन्न, बारा फुटांवर अठ्ठेचाळीस, चोवीस फुटांवर बेचाळीस. खोलीत इतकी घट होत नाही, कारण छत, फरशी आणि काच आवाज परत पाठवतात. आणि हल्ली आवडणारं ऑफिस नेमकं अशाच वस्तूंचं बनलेलं असतं: वर काळं रंगवलेलं उघडं छत, एसीचे डक्ट दिसताहेत, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला काच. फोटो सुंदर येतो. कानाला मात्र हे रेल्वेच्या फलाटाहून फार वेगळं नाही.

पैसे मर्यादित असतील तर ते आधी छतावर घालावेत. दोन टेबलांमध्ये पडदा उभा केला तरी आवाज वर जातो, छतावर आपटून पलीकडे उतरतो. मिनरल फायबरच्या टाइलचं फॉल्स सीलिंग त्यातला बराचसा शोषून घेतं. उघडं छतच हवं असेल तर टेबलांच्या डोक्यावर दाबलेल्या फेल्टच्या उभ्या पट्ट्या, ज्यांना इंटिरियरवाले बॅफल म्हणतात, त्या टांगता येतात. त्यानंतर टेबलांमधले पडदे. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. त्याहून बुटका पडदा डोळ्यांना आडोसा देतो, कानाला जवळजवळ काहीच देत नाही. फरशीवरचा कार्पेट टाइल पावलांचा आवाज मारतो, पण बोलण्यावर त्याचा उपयोग कमी.

बंद खोलीच्या बाबतीत फसवणूक यापेक्षाही सहज होते. भिंत बघून वाटतं, खोली बंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी जिप्समचं पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकून थांबतं. सीलिंगच्या वरची पोकळी मजलाभर एकच असते, आवाज टाइलमधून वर जातो आणि शेजारच्या खोलीत उतरतो. भिंत वरच्या स्लॅबपर्यंत न्यायला हवी, आत रॉकवूल किंवा ग्लासवूल भरून, आणि एसीचा डक्ट जिथून आरपार जातो तिथली फट सील करून. भिंत खिडकीला जिथे भेटते तिथेही काळजी घ्यावी लागते: तिने काचेच्या मधोमध नाही, तर खिडकीच्या उभ्या दांड्याशी मिळायला हवं, नाहीतर तिथे बोटभर फट राहते आणि कोणीतरी तिच्यात थर्माकोल कोंबतं.

आणि दार. दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत घ्या: नव्वद चौरस फूट. तिच्यातल्या तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट राहिली. ती फट भिंतीच्या हजारातल्या दीड भागाएवढीसुद्धा नाही. पण पंचेचाळीस डेसिबल अडवणाऱ्या भिंतीचं कर्तृत्व तेवढ्या फटीने साधारण अठ्ठावीसवर येतं, कारण फटीतून जाणारा आवाज अडवणारं काहीच नसतं. व्हिडिओ कॉलवर माणूस नेहमीपेक्षा चढ्या आवाजात बोलतो. अठ्ठावीस वजा करून जे उरतं ते बाहेर बसलेल्याला समजतं. उपाय महाग नाही: दार बंद झालं की खाली उतरणारं रबरी सील, आणि चौकटीला कडेने रबर. बिनचौकटीच्या काचेच्या दारात मात्र हे नीट बसत नाही. पगारवाढ आणि राजीनामे जिथे बोलले जातात त्या केबिनला असं दार लावू नये.

खोलीचा ताबा घेण्याआधी एक चाचणी करावी. एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचं, दुसऱ्याने बाहेरच्या सर्वांत जवळच्या खुर्चीत बसायचं. नुसतं पुटपुटणं ऐकू आलं तर ठीक. एखादं पूर्ण वाक्य कळलं तर कंत्राटदाराचं शेवटचं बिल थांबवायचं.

बंद खोली म्हणजे वेगळी हवाही लागते. आपला बूथ चार बाय पाचचा, सात फूट उंच. आत साधारण चार हजार लिटर हवा मावते. बसलेला माणूस तासाला अठरा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. दार घट्ट बंद करून अर्धा तास कॉल केला तर नऊ लिटर, म्हणजे आतलं प्रमाण दहा लाखांत दोन हजारांहून अधिक भागांनी वाढतं. बाहेरच्या हवेत ते चारशेच्या थोडं वर असतं. माणसाला गुदमरायला होत नाही, पण डोकं जड होतं, आणि मग तो दार किलकिलं ठेवतो. बूथवर केलेला सगळा खर्च त्या फटीतून बाहेर जातो. म्हणून बूथला आवाज न करणारा, सतत हवा बदलणारा पंखा हवाच. मीटिंग रूमची तक्रार वेगळी असते. बाहेरच्या हॉलच्याच एसीचा एक फाटा आत दिलेला असतो आणि थर्मोस्टॅट हॉलमध्ये. आत आठ माणसं आली की उकडतं, कोणी नसलं की बर्फ. खोल्यांच्या पट्ट्याला वेगळं युनिट किंवा निदान वेगळं नियंत्रण सुरुवातीलाच मागून घ्यावं. हेच स्प्रिंक्लर आणि स्मोक डिटेक्टरचं: नवीन भिंत उभी राहिली की जुना स्प्रिंक्लर एकाच बाजूला राहतो आणि दुसरी बाजू उघडी पडते. प्रत्येक बंद खोलीला आपापला लागतो.

वाटांची मापंही आगीच्या हिशेबाने एकदा तपासायची असतात. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार ऑफिसच्या इमारतीत कुठूनही बाहेर पडायच्या दारापर्यंत चालत जायचं अंतर तीस मीटर, म्हणजे साधारण शंभर फूट, यापेक्षा जास्त नसावं. स्प्रिंक्लर असतील तर त्यात निम्म्याने सवलत मिळते. आपल्या मजल्यावर फक्त मधलंच दार असतं तर खिडकीच्या कोपऱ्यातल्या माणसाला पन्नास फूट आडवं आणि पन्नास फूट उभं चालावं लागलं असतं, म्हणजे नेमकं काठावर, तेही टेबलांना वळसे न धरता. पूर्वेच्या जिन्यामुळे निदान पूर्वेच्या कोपऱ्याचं हे सुटतं. म्हणूनच त्या दारासमोर जुने मॉनिटर आणि दिवाळीच्या भेटींची खोकी रचायची नाहीत. पाच फुटांच्या मुख्य वाटेचा आणखी एक उपयोग आहे: व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला तेवढीच जागा लागते. पाठीला पाठ लावून बसणाऱ्यांच्या टेबलांमध्ये सहा फूट ठेवले तर दोघं एकदम खुर्ची मागे सरकवू शकतात.

आता वाढीकडे येऊ, कारण बहुतेक आराखडे पहिल्या दिवशी चांगले असतात आणि दुसऱ्या वर्षी बिघडतात. पहिल्या दिवशी खुल्या जागेत चाळीस माणसं आणि साठ टेबलांची जागा. वायरिंग साठांचं करून ठेवायचं, फरशीखालच्या रेसवेतून वीज आणि डेटा दोन्ही. फरशी नंतर फोडणं म्हणजे आठवडाभर धूळ. पण टेबलं चाळीसच आणायची, आणि रिकामी वीस जागा मजलाभर विखुरलेली न ठेवता दोन ठिकाणी एकत्र ठेवायची: आठ पश्चिमेला, बारा प्रोग्रॅमरांच्या बाजूला मधल्या रांगेलगत. तिथे तोवर एक उंच टेबल आणि व्हाइटबोर्ड. टीम उभ्या-उभ्या रोजची बैठक घेईल. रिकाम्या जागेला काहीतरी काम दिलं की ती ‘वाया’ दिसत नाही, आणि वेळ आली की मुकाट्याने टेबलांना मिळते.

खरा धोका निराळ्याच दिशेने येतो. माणसं वाढतात, टेबलं कमी पडतात आणि मालक मजल्यावरून चक्कर मारतो. सकाळी साडेदहाला शांत खोली रिकामी दिसते. तो म्हणतो, इथे सहा टेबलं बसतील. बसतात. मग छोटी मीटिंग रूम नव्या मॅनेजरची केबिन होते. नेमकी माणसं आणि फोन वाढत असताना बोलायच्या बंद जागा कमी होतात, आणि सगळा भार टेबलांवर येतो. याला एकच उपाय मला लागू पडताना दिसतो: टेबलं आणि बंद जागा यांचं प्रमाण आधीच कागदावर लिहून ठेवणं. आपल्या कंपनीत साठांना चार बूथ, म्हणजे पंधराला एक. पुढे पंधरा टेबलं वाढवायची असतील तर एक बूथ आणि निम्मी छोटी खोली त्यांच्यासोबत यायलाच हवी. जागा नसेल तर टेबलंही वाढणार नाहीत.

ओपन ऑफिसची कल्पना मुळात अशी उघडी-वाघडी नव्हती. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावातून काम करणाऱ्या एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी १९६० च्या सुमारास ती मांडली, तेव्हा आधी कोणाचा कागद आणि कोणाचा निरोप कुणाकडे जातो याचा तक्ता बनवत, मग त्यानुसार माणसं बसवत. जमिनीवर गालिचा, मध्ये पडदे आणि झाडं, विश्रांतीची वेगळी जागा. नंतर जगभर गेली ती फक्त भिंती पाडण्याची काटकसर. तिचं फळ काय मिळतं याचं एक बोलकं मोजमाप हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या भिंती काढून खुल्या मांडणीत गेल्या, त्याच्या आधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मोजणी करणारे बिल्ले अडकवले होते. समोरासमोरचं बोलणं साधारण सत्तर टक्क्यांनी घटलं आणि ईमेल व मेसेज वाढले. सगळ्यांदेखत बोलायचा संकोच वाटला की माणूस टाइप करतो. भिंती पाडल्या की गप्पा वाढतील, असं मानणाऱ्यांनी हे मोजमाप एकदा नीट वाचावं.

सत्तरच्या पुढे आपल्या कंपनीला हा मजला पुरणार नाही. मग वरचा मजला घ्यायचा की शेजारच्या इमारतीत जागा शोधायची? एमआयटीच्या थॉमस अॅलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांची बोलणी मोजून दाखवलं होतं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की संपर्क झपाट्याने कमी होतो आणि साधारण दीडशे फुटांपलीकडे तो तळाला जातो. मजला बदलला तर प्रत्यक्ष अंतर थोडं असूनही माणसं एकमेकांकडे जात नाहीत. त्यामुळे जागा संपली म्हणून प्रोग्रॅमरांतले नवे दहा जण वर पाठवणं हा सर्वांत वाईट पर्याय. ते कायमचे ‘वरचे’ होतात. हलवायचा तर पूर्ण गट हलवावा. आपल्या बाबतीत तो फोनवाल्यांचा असेल, कारण त्यांचं बोलणं मुख्यतः बाहेरच्या जगाशी असतं. ते वर गेले की पश्चिमेची चोवीस टेबलं प्रोग्रॅमरांना मिळतील, आणि वरच्या मजल्याचं छत मात्र पहिल्या दिवसापासून फेल्टचं करून घ्यावं लागेल. पँट्री दोन्ही मजल्यांची एकच ठेवायची, खालची. चहासाठी जिना उतरायला लोक कुरकुर करतील, करू द्यावी. दोन्ही गटांची भेट व्हायला तेवढं एकच ठिकाण उरलेलं असेल.